शून्यांच्या आधीचे दोन अंक

कच्च्या दुधाच्या तपासणीत ‘प्रति मिलिलिटर २०,६०,००० सीएफयू’ असा आकडा लिहिलेला दिसला, की माझं लक्ष त्यातल्या साठ हजारांवर जातं. ते साठ हजार कुणी मोजलेले नसतात. पेट्री डिशच्या फोटोवर मोजलेले असतात ते दोनशेच्या आसपास ठिपके. उरलेली सगळी शून्यं विरलनाच्या गुणाकारातून येतात. अशी मोजणी आणि आकडेमोड करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. या उत्तरात विश्वास ठेवण्याजोगे दोनच अंक असतात, आणि ते बरोबर निघतील की नाही हे आकडेमोडीच्या कितीतरी आधी ठरतं. कोणती प्लेट मोजायला निवडली आणि तिचा फोटो कसा काढला, यातच ते ठरून गेलेलं असतं.

आधी कृती पाहू. एक मिलिलिटर दूध नऊ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात मिसळलं की ते दहापट पातळ होतं. त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊ मिलिलिटरमध्ये टाकलं की शंभरपट, मग हजारपट, मग दहा हजारपट. प्रत्येक पायरीला पिपेटचं टोक बदलायचं आणि नळी नीट ढवळायची. मग ०.१ मिलिलिटर द्राव अगारवर टाकून काचेच्या वाकड्या कांडीने सारखा पसरवायचा आणि प्लेट ३०° सेल्सिअसला ७२ तास ठेवायची. पसरवलेला जिवाणू जिथे पडला तिथेच वाढतो आणि त्याची संतती डोळ्यांना ठिपका म्हणून दिसू लागते. घट्ट माध्यमावर जिवाणू वेगळे करण्याची ही रीत रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये मांडली आणि त्यांचे सहकारी पेट्री यांनी १८८७ मध्ये तिला झाकणाची उथळ डिश दिली. ठिपक्यावरून मूळ जिवाणूकडे उलट जाणं, एवढाच या गणिताचा गाभा आहे.

आता एक नमुना शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, हजारपट विरलनाच्या दोन प्लेटांवर २१४ आणि १९८ कॉलनी दिसतात, आणि दहा हजारपट विरलनाच्या दोन प्लेटांवर २७ आणि १८. पहिल्या जोडीची बेरीज ४१२ होते. प्रत्येक प्लेटवर ०.१ मिलिलिटर द्राव गेला आहे आणि तो मूळ दुधाच्या हजाराव्या भागाइतका विरळ आहे. म्हणून:

```
N = 412 / (2 × 0.1 × 0.001) = 2060000
```

उत्तर लिहायचं ते प्रति मिलिलिटर २१ लाख. दुसरी जोडीही धरली तर एकूण कॉलनी ४५७ होतात. त्या प्लेटांवर दहावा हिस्साच दूध असल्यामुळे छेदात २ ऐवजी २.२ येतं आणि उत्तर सुमारे २०,७७,००० निघतं, म्हणजे पुन्हा २१ लाखच. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक आहे ती ०.१ विसरण्याची. २०६ ला सरळ हजाराने गुणलं की २ लाख ६ हजार येतात. आयएस १४७९ या भारतीय मानकाप्रमाणे कच्चं दूध दोन लाखांपर्यंत फार चांगलं, दहा लाखांपर्यंत चांगलं आणि पन्नास लाखांपर्यंत मध्यम मानलं जातं. एक शून्य गाळलं की मध्यम दूध कागदावर चांगलं होऊन बसतं.

इथे एक आक्षेप रास्त वाटतो. जास्त मोजलं की चूक कमी होते, मग शंभरपट विरलनाची गच्च भरलेली प्लेट का सोडायची? आपल्या हिशेबाने तिच्यावर दोन हजारांवर कॉलनी असायला हव्यात. पण प्रत्यक्षात तिथे शेजारच्या कॉलनी एकमेकींत मिसळतात, अन्न कमी पडून काही खुरटतात आणि फोटोत त्यांचा एकच डाग होतो. समजा, त्यातून नऊशेच ठिपके वेगळे काढता आले. तर उत्तर नऊ लाख येईल, खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. ही चूक नेहमी एकाच दिशेला जाते, म्हणून कितीही प्लेटांची सरासरी काढली तरी ती भरून निघत नाही. त्यामुळेच २५ ते २५० किंवा ३० ते ३०० कॉलनींच्या प्लेटाच मोजाव्यात, हा नियम प्रयोगशाळांत रूढ आहे. गर्दीने घात केला आहे का, हे ओळखायची सोपी खूणही आहे. लागोपाठच्या दोन विरलनांत आकडा सुमारे दहापटीने उतरला पाहिजे. आपल्या नमुन्यात सरासरी २०६ वरून २२.५ वर आली, म्हणजे साधारण नऊपट, आणि ते ठीक आहे. उतार तीन-चारपटच असेल तर पहिली प्लेट गर्दीची आहे, किंवा पिपेटच्या टोकाला चिकटलेलं दूध पुढच्या नळीत गेलं आहे, असं समजावं.

खालच्या टोकाला अडचण वेगळी असते. ०.१ मिलिलिटरमध्ये नेमके किती जिवाणू आले, ही गोष्ट योगायोगावर असते, आणि अशा मोजणीतला साहजिक चढउतार आकड्याच्या वर्गमुळाइतका असतो. शंभर कॉलनी मोजल्या तर दहा इकडे-तिकडे होणं रोजचंच, वीस इकडे-तिकडे होणंही अधूनमधून घडतं. पंचवीसच मोजल्या तर तोच वीसचा फरक दहावर येतो, पण पंचवीसात दहा म्हणजे चाळीस टक्के. आपल्या ४१२ चं वर्गमूळ सुमारे वीस, त्याची दुप्पट चाळीस, म्हणजे दहा टक्के. म्हणून पिपेटची आणि डोळ्यांची चूक शून्य धरली, तरी खरं उत्तर साधारण १९ ते २३ लाखांत कुठेही असू शकतं. साठ हजार निरर्थक का, ते इथे कळतं. जोडीच्या दोन प्लेटा एकमेकींशी जुळतात का, हेही याच मापाने तपासता येतं. २१४ आणि १९८ मध्ये सोळाचा फरक आहे, तो योगायोगात बसतो. दुसरी प्लेट १२० ची निघाली असती, तर फरक ९४ झाला असता. अशा वेळी सरासरी काढत बसू नये, पसरवण्यात किंवा पिपेटमध्ये काय चुकलं ते शोधावं. प्लेटचा पाव भाग मोजून चारने गुणण्याची सवयही म्हणून महाग पडते. पाव भागात ५२ मोजल्या तर अनिश्चितता अठ्ठावीस टक्क्यांवर जाते, पूर्ण प्लेट मोजली असती तर ती निम्म्यावर आली असती.

आता फोटोकडे येऊ. फोटोवरून मोजणं मला मनापासून पटतं, कारण ठिपका मोजला की त्यावर खूण करता येते आणि तीच प्लेट दुसऱ्याला पुन्हा मोजायला देता येते. पण फोटोत नसलेली कॉलनी नंतर कुणालाच सापडत नाही. ९० मिलिमीटरची डिश फोटोत ३००० पिक्सेल रुंद आली, तर एका मिलिमीटरला ३३ पिक्सेल मिळतात आणि ०.३ मिलिमीटरची बारीक कॉलनी दहा पिक्सेलची दिसते. तोच फोटो मेसेजवर पाठवताना लहान होऊन डिश ९०० पिक्सेलची झाली, की ती कॉलनी तीन पिक्सेलवर येते आणि धुळीच्या कणापासून वेगळी ओळखता येत नाही. म्हणून मोजायचा तो मूळ फोटो. डिश उपडी ठेवून तळाकडून, खाली काळं कापड अंथरून आणि प्रकाश बाजूने देऊन तो काढावा, म्हणजे वर ट्यूबलाइटचा पट्टा उमटत नाही आणि झाकणावरची वाफही आड येत नाही. नमुन्याचं नाव काठाला लिहावं, कारण मध्यावर लिहिलेल्या अक्षरांमागे कॉलनी लपतात.

संगणक हे सगळं क्षणात मोजतो, मग माणसाने डोळे का शिणवावेत? ImageJ मध्ये फोटो `8-bit` करून, `Threshold` लावून, `Watershed` ने जुळलेले ठिपके तोडून `Analyze Particles` चालवलं की आकडा समोर येतो, आणि तीच मांडणी ठेवली तर दर वेळी तोच आकडा येतो. पण दर वेळी तोच येणं वेगळं आणि बरोबर येणं वेगळं. अगारमधला बुडबुडा संगणकाला कॉलनी वाटतो, काठाच्या चकाकत्या कड्यातली कॉलनी त्याला दिसत नाही, आणि लांबट पसरलेल्या एकाच कॉलनीचे `Watershed` दोन तुकडे करून देतं. म्हणून प्रत्येक नव्या मांडणीत विरळ, मध्यम आणि दाट अशा काही प्लेटा आधी हाताने मोजून ताडून पाहाव्यात. फरक दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल तर चालेल. तो नेहमी एकाच बाजूला जात असेल तर `Threshold` किंवा कणाच्या आकाराची मर्यादा बदलावी.

सगळ्यात मूलभूत आक्षेप यापुढचा आहे. कॉलनी म्हणजे एक जिवाणू नव्हेच. दुधातले गोल जिवाणू अनेकदा साखळीने किंवा झुबक्याने असतात आणि आख्ख्या साखळीची एकच कॉलनी होते. काही जिवाणू या अगारवर, या तापमानाला वाढतच नाहीत. हे पूर्ण खरं आहे, आणि म्हणूनच एककाचं नाव ‘जिवाणू’ असं न ठेवता सीएफयू, म्हणजे कॉलनी निर्माण करणारं एकक, असं ठेवलं आहे. पण यावरून मोजणी व्यर्थ ठरत नाही. मानकातल्या मर्यादा याच एककात आणि एका ठरलेल्या रीतीला धरून दिल्या आहेत, त्यामुळे तीच रीत पाळून काढलेला आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येतो. ढवळणं, माध्यम, तापमान किंवा तास यांपैकी काही बदललं, की तो आधार सुटतो.

एक चूक मात्र फोटो कितीही चांगला असला तरी त्यात दिसत नाही. नळीत नऊऐवजी दहा मिलिलिटर द्रावण असेल, तर प्रत्येक पायरी दहापट न होता अकरापट होते. तीन पायऱ्यांत विरलन हजाराऐवजी १३३१ होतं. प्लेटा सुरेख असतात, उतारही साधारण दहाच्या जवळ दिसतो आणि उत्तर मात्र खऱ्याच्या पाऊणपटीवर येतं. म्हणून निर्जंतुकीकरणानंतर नळ्यांतलं आकारमान तपासून घ्यायला हवं. आणि असा अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की ‘२१ लाख’ या शब्दांच्या शेजारी तीन गोष्टी लिहा: प्लेटांवर प्रत्यक्ष मोजलेल्या कॉलनी, त्यांचं विरलन आणि प्लेटवर टाकलेलं आकारमान. या तीन गोष्टी असल्या, की वाचणारा तुमचं उत्तर स्वतः पुन्हा काढून पाहू शकतो.