बोलीतला विनोद : काही टिपणे

१.
एका स्पर्धेतली एकांकिका. गावाकडचा म्हातारा 'इलेक्ट्रिशियन' म्हणू शकत नाही. तीन वेळा प्रयत्न, तीन हशे. चौथ्या वेळी नाइलाजाने पुढचा प्रसंग सुरू झाला.

२.
'पाहिजे'चं 'पायजे' पुण्यातही होतं. पण संहितेत पुणेकराच्या तोंडी छापतात 'पाहिजे' आणि गड्याच्या तोंडी 'पायजे'. एकाचं शुद्धलेखन, दुसऱ्याचा उच्चार.

३.
'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं १९८० साली. गंगाराम गवाणकरांचं नाटक, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच. त्यातली गोष्ट अशी : गावातली हौशी मंडळी महाभारतातला प्रसंग बसवायला घेतात. आता समजा, राजाचा मुकुट घातलेल्या माणसाचं समोरच्याशी गावातलं जुनं वाकडं आहे, आणि त्याला ते नेमकं दरबारात आठवतं. हा घोळ कुठल्याही गावच्या हौशी नाटकात झाला असता. मालवणीने त्याला वेग दिला, ठसका दिला. शिवाय स्टेजवर बहुतेक सगळे मालवणी बोलतात, त्यामुळे हसायला वेगळा काढलेला 'गावठी' असा कुणी उरत नाही.

४.
लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' : मराठवाड्यातल्या गावची मंडळी लग्नाला विमानाने निघतात. पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस कुठल्याही बोलीत गोंधळतोच.

५.
एक प्रसंग बांधून पाहू. सिंधुदुर्गातलं सामायिक घर, गणपतीचे दिवस. मुंबईहून आलेला धाकटा भाऊ आणि गावात राहणारा थोरला. मध्ये विजेचं बिल.

सोपा मार्ग : थोरला 'युनिट' चुकीचं वाचतो, धाकटा दुरुस्त करतो, पुतणे हसतात. इथे विनोद करतो तो धाकटा. थोरल्याला कामच नाही.

दुसरा मार्ग. धाकटा आल्यापासून मालवणीतच बोलतोय. बिल हातात आलं आणि त्याने भाषा बदलली, हिशेबाला प्रमाण मराठी :

'दादा, आम्ही वर्षातून अकरा दिवस पंखा लावणार. मग बिलाचा निम्मा वाटा आम्ही का द्यायचा?'

थोरला वातींचा कापूस खाली ठेवत नाही.

'बरा. मगे वर्साचे बाकीचे दिवस घर कोणाचा, ता पण लिवन दी.'

शांतता. मग धाकटा, पुन्हा मालवणीत : 'बरा, मी भरतंय.'

थोरल्याचं वाक्य प्रमाण मराठीत करून पाहा : 'मग वर्षाचे बाकीचे दिवस घर कोणाचं, तेही लिहून दे.' हसू थोडं कमी होईल, पण जाणार नाही. कारण हसू वाटणीच्या भीतीत आहे. 'इलेक्ट्रिशियन'चं असं भाषांतर करून बघा. हाती काही लागत नाही.

आणि धाकट्याचं भाषा बदलणं हाच प्रसंगाचा सांधा आहे. प्रमाण मराठीत तो वकील होतो, मालवणीत परत भाऊ. दोघांनाही पहिल्यापासून एकाच भाषेत बोलायला लावलं, तर अर्धा विनोद तिथेच संपला.

६.
'मेल्या' हे दोन मित्रांमध्ये असेल तर लाड. पाहुण्याने पहिल्याच भेटीत म्हटलं तर भांडण. शहरातल्या लेखकाला अशा शब्दांची यादी पाठ असते. कोण कुणाला कधी म्हणतो, ते ठाऊक नसतं.

७.
ओळखायची खूण. एकाच पात्राच्या तोंडी 'म्या', 'मले' आणि 'माका' आले, तर समजावं की या गावाला एसटी जात नाही.

८.
वऱ्हाडी माणूस 'करून राहिलो' म्हणतो. हा तिथला रोजचा चालू काळ आहे. त्यावर टाळी घेणाऱ्या नटाला विचारावं, वाक्यात पुढे काय होतं? बहुधा पुढे काहीच होत नाही.

९.
मालिकेच्या फ्लॅटमध्ये बोली कोण बोलतं : मोलकरीण, वॉचमन, ड्रायव्हर. त्याच घरातल्या सीएचे वाडवडील कुठले होते?

१०.
सगळी बोली जशीच्या तशी लिहिली तर दुसऱ्या जिल्ह्यातला वाचक तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटतो. माझा हिशेब असा : क्रियापदं, सर्वनामं आणि विभक्तीचे प्रत्यय बोलीचे पक्के ठेवावेत. 'माका', 'इलो', 'खंय' एवढ्याने कानाला गाव कळतं. अनोळखी नाम येईल तिथे आजूबाजूच्या कृतीतून ते समजू द्यावं. उच्चार दाखवायला अक्षरं मोडत बसू नये. नट ते करील.

यात एक तोटा आहे. छापील पानावर बोलीची चाल पूर्ण येत नाही. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

११.
म्हणे 'प्रेमाने केलेली चेष्टा'. प्रेम कुणाचं, ते चेष्टा झालेल्याने सांगावं.

१२.
तालमीआधी ती बोली घरात बोलणाऱ्या एखाद्याला संहिता मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य तुमचं आहे, त्याचं नाही. जिथे बाकीचे हसतील आणि तो हसणार नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा. आणि त्याला मानधन द्या. नाव श्रेयनामावलीत, 'विशेष आभार'च्या वर.