ऊत येईपर्यंत की कोमट होईपर्यंत?

डभोईत सकाळचे दूध घरात दोन वाटांनी येते. बरोडा डेअरीची किंवा अमूलची थैली कोपऱ्यावरच्या दुकानातून येते आणि सुटे दूध भरवाडाकडून किंवा ओळखीच्या तबेल्यातून. गायकवाडी काळापासून इथे रुळलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत दोन्हींना एकच न्याय मिळतो: पातेल्यात ओता, ऊत आणा, मग दाट साय धरेपर्यंत मंद आचेवर राहू द्या. डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यामुळे मला तो खटकतो. एका दुधाला तो जास्त होतो, तर दुसऱ्याला कधीकधी अपुरा पडतो.

थैलीतले दूध डेअरीत 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच 4 अंशांच्या आसपास आणलेले असते. क्षय, ब्रुसेलोसिस, विषमज्वर यांचे जंतू एवढ्यात मरतात. दूध खरोखर पुरेसे तापले की नाही हे आम्ही फॉस्फटेझ या विकरावरून ओळखतो. कच्च्या दुधात हे विकर असतेच, आणि नष्ट व्हायला ते क्षयाच्या जंतूंपेक्षा किंचित चिवट आहे. तपासणीत पिवळा रंग उमटला तर विकर शिल्लक आहे, म्हणजे तापवण्यात कसर राहिली किंवा कच्चे दूध मिसळले गेले.

सुट्या दुधावर यातला एकही संस्कार झालेला नसतो. म्हैस धडधाकट दिसली तरी तिच्या दुधात ब्रुसेला असू शकतो. म्हणून धारोष्ण दुधाचे कौतुक मी ऐकून घेतो, पेला मात्र परत करतो. हे दूध उकळायलाच हवे. पण किती? मध्यम आचेवर तळापासून ढवळत राहा. ऊत येतो तेव्हा 72 अंश केव्हाच मागे पडलेले असतात. आच कमी करून दोन-तीन मिनिटे ढवळत उकळू द्या, की पुरे. ढवळायचे एवढ्यासाठी की वरचा फेस खालच्या दुधापेक्षा थंड राहतो. पातेल्याच्या काठाला चिकटलेले दूधही उलथन्याने खाली ओढावे. उफाणा दिसताच गॅस बंद करणाऱ्यांकडून नेमके हेच राहून जाते. त्यापुढे दहा-पंधरा मिनिटे उकळल्याने दूध जास्त निर्धोक होत नाही. ते आटते, आणि काही ब जीवनसत्त्वे थोडी आणखी कमी होतात. बासुंदी करायची असेल तर गोष्ट वेगळी.

थैलीचे काय? ती दुकानातल्या फ्रीजमधून थंडगार निघाली, कुठे फाटलेली नाही, घरी आल्याआल्या फ्रीजमध्ये गेली आणि तारीख उलटलेली नाही, तर निरोगी मोठ्या माणसाने ते दूध थंडच प्यायले तरी चालते. कोमट आवडत असेल तर पेलाभर काढून बोटाला सोसेल इतके गरम करावे. उकळायचे कारण उरत नाही, दही लावायचे नसेल तर. दह्यासाठी मात्र थैलीचे दूधही 85-90 अंशांपर्यंत नेऊन काही मिनिटे ठेवावे. त्या उष्णतेने दुधातली पाण्यात विरघळणारी प्रथिने उलगडून केसीनला चिकटतात, आणि दही घट्ट होऊन पाणी कमी सुटते. विरजण घालायचे ते दूध निवून 42 अंशांवर आल्यावर.

थैली न उकळण्याचा हा हिशेब बिघडतो तो तिच्या प्रवासात. डभोईच्या मे महिन्यात दुकानाबाहेरच्या क्रेटमधली थैली हाताला कोमट लागली, तर ती घेऊ नये. अर्धा-पाऊण तास बाहेर राहिली असेल तर उकळून लगेच वापरावी. चार-पाच तास उन्हाळ्यात पडलेल्या थैलीला उकळणेही वाचवत नाही, कारण स्टॅफिलोकोकससारख्या काही जंतूंनी एकदा विष सोडले की ते उकळीला दाद देत नाही. नाकावर विसंबू नये. दूध आंबवणारे बहुतेक जंतू डेअरीत मेलेले असतात, त्यामुळे हे दूध आंबट वासाची सूचना न देताच खराब होऊ शकते.

उकळीतून वाचणारे आणखी काही आहे: बॅसिलस सिरियसचे बीजाणू. दूध कोमट अवस्थेत ताटकळले की ते रुजतात. म्हणून उकळलेले पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे, आणि फार तर दोन तासांत फ्रीजमध्ये जावे.

ही अडचण मला शरद पुनमेला सर्वांत जास्त दिसते. कोजागिरीला आपण मसाल्याचे दूध आटवून गरमच पितो. शेजारच्या गुजराती घरांत मात्र दूध-पौवा चांदण्यात तासन्‌तास गच्चीवर असतो. पोहे तांदळाचे, आणि बॅसिलस सिरियसला तांदूळ फार मानवतो. मी शेजारणीला सांगतो, बहन, दूध सुटे असो की थैलीचे, आधी उकळून फ्रीजमध्ये पुरते गार करा, पोहे वाढायच्या वेळी घाला, आणि पातेले चंद्राला दाखवायचे ते बर्फाच्या परातीत ठेवून. तासाभरात संपवा. उरलेले सकाळी कोणाला देऊ नका.