पोत रानाचा, दाणा कॅमेऱ्याचा

एआयने तयार केलेलं रान ओळखायचं असेल तर मी आधी जमीन बघतो. डोंगर, आभाळ, झाडं या गोष्टी तो पटतील अशा काढतो. पण नांगरटीत ढेकळाला धार नसते, मातीत खडा नसतो, कुठं धसकट वर आलेलं नसतं. सगळं लिंपल्यासारखं गुळगुळीत. आमच्या पालीच्या माणसाला हे लगेच खटकतं. बालाघाटच्या पायथ्याची, बिंदुसरेच्या धरणाजवळची ही जमीन त्याच्या पायाखालची आहे आणि ती कधीच इतकी मऊ नव्हती.

माझ्याकडे जास्त करून वर्षश्राद्धाच्या फ्रेमची कामं येतात. गेलेल्या माणसाचा एखादाच बरा फोटो असतो, तोही लग्नाच्या मांडवात मोबाइलवर काढलेला, मागं खुर्च्या आणि जेवणाची पंगत. घरच्यांना मागं आपलं रान हवं असतं. हल्ली पोरं ते मोबाइलवरच एआयकडून करून आणतात आणि छापायला माझ्याकडे देतात. अशाच एका आजींचा फोटो त्यांच्या नातवानं आणला होता. मागं नांगरलेलं शेत, बांधावर आंब्याचं झाड, लांब डोंगर. तो आंबा पडून गेलेला होता, म्हणून रानात जाऊन खरा फोटो काढणं शक्य नव्हतं. नातू म्हणाला, "दादा, सगळं हाय यात, पण रान आपलं वाटंना. आजी एकटीच खरी दिसती."

त्याचं निरीक्षण बरोबर होतं. आजींच्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, लुगड्याच्या विणीत उजेड-सावली होती. मागं मात्र हात फिरवला तर घसरेल अशी जमीन. पुष्कळ जण अशा वेळी चेहराच थोडा गुळगुळीत करून दोन्हीचा मेळ घालतात. माझ्या मते हे कामच उलटं आहे. चेहरा हा त्या फोटोतला एकमेव खरा पुरावा आहे, त्याला हात लावायचा नाही. बदलायचं ते मागचं.

मागचं असं का होतं, हे कळलं की उपाय सापडतो. पहिलं कारण आकाराचं. एआयचं चित्र १०२४ × १५३६ पिक्सेलचं होतं आणि फ्रेम १२ × १८ इंचांची. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६०० × ५४०० लागतात, म्हणजे चित्र साडेतीन पट ताणलं जातं. ताणल्यानं नवा तपशील येत नाही, असलेला फक्त पसरतो. दुसरं कारण त्या चित्राच्या घडणीतच आहे. स्टेबल डिफ्यूजनसारख्या पद्धतीत ५१२ × ५१२ चं चित्र आतल्या आत ६४ × ६४ च्या सारांशावर घडवलं जातं आणि शेवटी उलगडलं जातं. शिवाय घडवण्याची रीत म्हणजे गोंगाटातून पायरीपायरीनं गोंगाट काढत जाणं. ढेकळाची बारीक भुकटी आणि कॅमेऱ्याचा दाणा या दोन्ही गोष्टी अशा यंत्राला सगळ्यात आधी सोडून द्याव्या लागतात.

इथं एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, कारण बहुतेक कामं तिथंच बिघडतात. फोटोत जे बारीक-बारीक दिसतं ते दोन जातीचं असतं. एक पोत. तो वस्तूचा असतो: मातीचा, सालीचा, दगडाचा. वस्तू लांब गेली की तो बारीक होतो, फोकसबाहेर गेली की विरतो, उजेड कुठून येतो त्याप्रमाणे बदलतो. दुसरा दाणा. तो कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तयार होतो, उजेड भिंगातून आत आल्यानंतर. त्यामुळं जवळचं ढेकूळ असो की धूसर डोंगर, फोकसमधलं असो की बाहेरचं, दाण्याचा आकार सगळीकडे सारखाच राहतो. अंधार-उजेडाप्रमाणे त्याचा जोर तेवढा कमी-जास्त होतो. गुळगुळीत चित्रावर नुसता दाणा मारला तर प्लास्टिकवर धूळ बसल्यासारखं दिसतं. नुसता पोत घातला तर पुढचा माणूस चिकटवलेला वाटतो. दोन्ही हवेत, दोन वेगळ्या थरांवर, आणि आधी पोत, मग दाणा.

आजींच्या फोटोसाठी पोत मी आमच्याच शिवारातून घेतला. मांडवात काढलेल्या फोटोत उजेड मऊ होता, चेहऱ्यावर कडक सावली नव्हती. म्हणून ढेकळांचे फोटोही ऊन चढायच्या आधी काढले. दुपारच्या उन्हातल्या ढेकळाची सावली काळी आणि धारदार पडते, ती या चेहऱ्यामागं खोटीच वाटली असती. कॅमेरा धरला तो छातीच्या उंचीवर, थोडा खाली झुकवून, कारण चित्रातलं शेत त्याच कोनातून दिसत होतं. सरळ वरून काढलेला मातीचा फोटो कितीही चांगला असला तरी आडव्या शेतावर बसत नाही.

हा फोटो एआयच्या शेतावर वेगळ्या थरात ठेवला, त्याचा रंग काढून टाकला आणि त्यावर फोटोशॉपमधलं High Pass फिल्टर चालवलं. हे फिल्टर मोठे उजेड-अंधार काढून टाकतं आणि फक्त कडा, खड्डे, उंचवटे ठेवतं, बाकी सगळं सपाट राखाडी. थराची पद्धत Soft Light केली की ती राखाडी दिसेनाशी होते आणि उंचवटे खालच्या चित्रावर उमटतात. रंग आणि उजेड एआयच्या चित्राचा राहतो, खडबडीतपणा आमच्या मातीचा येतो.

फिल्टरची त्रिज्या किती ठेवायची, याला नियम एकच: जो तपशील हवा त्याच्या मापाची. ढेकळाच्या आकारासाठी मी २० पिक्सेलच्या आसपास ठेवली आणि मातीच्या भुकटीसाठी ४. एकाच थरात दोन्ही जमत नाहीत, म्हणून दोन थर केले. मोठ्याची अपारदर्शकता ३५ टक्के, बारीकची ५०. त्रिज्या गरजेपेक्षा वाढवली तर ढेकळांभोवती पांढरट कडा उमटते. ती दिसली की थांबायचं. मग मास्कवर खालून वर ग्रेडियंट ओढला. पायाशी पोत पूर्ण, बांधापर्यंत जाता-जाता निम्मा, डोंगरावर शून्य. डोंगर लांब आहे, मध्ये हवा आहे, तिथं ढेकळासारखा पोत घातला तर डोंगर अंगणात येऊन बसतो.

आंब्याचं खोड जास्त वेळ खाऊन गेलं. साल एका शेजाऱ्याच्या जुन्या आंब्याची मिळाली, उभ्या-आडव्या भेगांची, करड्या-काळ्या रंगाची. पण खोड गोल आणि फोटो सपाट. साल तशीच ठेवली तर खोडावर कागद चिकटवल्यासारखं होतं. Warp वापरून दोन्ही कडांकडे भेगा जवळजवळ आणल्या, मधे त्या मोकळ्या ठेवल्या, तेव्हा कुठं खोडाला गोलाई आली. एवढ्या मोठ्या खोडाला एक तुकडा पुरला नाही, तर मोह होतो की तोच परत ठेवावा. तीच गाठ दोनदा दिसली की डोळा ती पकडतोच. म्हणून वेगवेगळ्या उंचीचे तुकडे घेतले.

मग दाणा. तो अंदाजानं घालायचा नाही, मोजायचा. आजींचा मूळ मोबाइल फोटो छापाच्या मापाला १.६ पट वाढवावा लागला होता, त्यामुळं त्यातला दाणाही तेवढाच मोठा झाला होता. वाढवलेल्या त्या फोटोत मांडवाच्या कापडाचा एक सपाट, एकसारख्या उजेडाचा तुकडा निवडला आणि हिस्टोग्रामच्या खिडकीत Std Dev नावाचा आकडा बघितला. तितक्याच उजेडाच्या एआय आभाळाच्या तुकड्यात तो आकडा जवळजवळ काहीच नव्हता. हा फरक भरून काढायचा, त्याहून जास्त नाही.

त्यासाठी सगळ्यात वर ५० टक्के राखाडी भरलेला थर घेतला, पद्धत Overlay, त्यावर Add Noise, प्रकार Gaussian, आणि Monochromatic वर खूण, म्हणजे रंगीत ठिपके पडत नाहीत. लगेच त्यावर ०.८ पिक्सेलचं Gaussian Blur दिलं. कारण कोरा नॉइज एकेका पिक्सेलचा, टोचरा असतो. मोबाइलचा दाणा शेजारच्या पिक्सेलांत मिसळलेला असतो आणि इथं तो वाढवलेलाही होता. ब्लरनं आकडा खाली येतो, म्हणून नॉइजचं प्रमाण वाढवून दोन्ही तुकड्यांचे आकडे जुळेपर्यंत फेरफार केला. हीच तुलना एका अंधाऱ्या भागातही केली, कारण मोबाइलच्या फोटोत सावलीतला दाणा जास्त असतो. आजींवर मास्क घालून हा थर पूर्ण काढून टाकला. त्यांच्या फोटोला स्वतःचा दाणा आहेच, त्यावर दुसरा चढवला तर कातडी वाळूची दिसते.

सिनेमातले व्हीएफएक्सचे लोकही याच तत्त्वावर चालतात: चित्रीकरणातला दाणा काढायचा, खोटं दृश्य जोडायचं आणि शेवटी सगळ्यावर मूळ मापाचा दाणा परत द्यायचा. शेवटी हा शब्द महत्त्वाचा. दाणा घातल्यावर फाइल लहान-मोठी केली की त्याचं माप बदलतं. जेपेगची गुणवत्ता कमी ठेवली की तो डागाळतो, व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवली की बहुतेक पुसलाच जातो. म्हणून ही फाइल छपाईला पेन ड्राइव्हवरच द्यायची. दाण्याचा आणखी एक फायदा आभाळात दिसतो. गुळगुळीत आभाळ छापलं की त्यात रंगाचे पट्टे पडतात. दाण्यानं ते पट्टे मोडतात.

या सगळ्याची मर्यादाही स्पष्ट आहे. आजींच्या चित्रात एका कोपऱ्यात नांगराचे तास मधेच वळून बांधात शिरत होते. असे तास कुणी घालत नाही. पोत कितीही खरा असला तरी चुकीची नांगरट दुरुस्त होत नाही, उलट जास्त ठळक दिसते. तो कोपरा मी पुसला आणि तिथं आमच्या शेताचा फोटोच बसवला. अशी फ्रेम घरातल्या भिंतीसाठी आहे. बातमीसाठी, पंचनाम्यासाठी, जमिनीच्या कागदासाठी कुणी असं रान मागितलं तर मी करत नाही.

हे काम करणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच. इंटरनेटवरचे तयार पोत घेऊ नका, ती माती दुसऱ्या मुलखाची असते. आपल्या शिवारातली नांगरट, सालपट, दगड, पिवळं पडलेलं गवत, सकाळी, दुपारी आणि ढगाळ दिवशी, असं तिन्ही उजेडांत काढून ठेवा आणि फोल्डरवर उजेडाची दिशा लिहा. दाणा मात्र प्रत्येक वेळी त्या-त्या मूळ फोटोतूनच मोजा. आणि पूर्ण फ्रेम छापण्याआधी चेहरा आणि जमीन दोन्ही येतील अशी एक पट्टी खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून बघा. स्क्रीनवर दुप्पट मोठं करून घेतलेला निर्णय कागदावर टिकत नाही.