‘साभार’ लिहिलं की झालं?

आमच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी गावाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. पदरचे पैसे घालून छापलं. महिनाभरात त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण एका पेजवर जसंच्या तसं आलं. वर दोन ओळींचं कौतुक आणि शेवटी ‘साभार’. मास्तरांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, तुमचं नाव दिलंय की! उलट फुकट जाहिरात झाली." मास्तर एवढंच म्हणाले, "ज्यांनी ते प्रकरण वाचलं, ते आता पुस्तक कशाला घेतील?"

इथे दोन हिशेब एकत्र झालेत. कोणाचं घेतलं हा एक आणि किती घेतलं हा दुसरा. नाव दिल्याने पहिला हिशेब चुकता होतो, दुसरा होत नाही. साभार म्हणजे परवानगी नव्हे.

मग किती घेतलं तर चालतं? शंभर शब्द, तीनशे शब्द, दहा टक्के, असे आकडे लोक छातीठोकपणे सांगतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडाच नाही. कलम ५२ टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी दुसऱ्याच्या लेखनाचा उचित वापर करू देतं. पण उचित म्हणजे किती शब्द, ते सांगत नाही.

आकड्यावर का विसंबू नये, ते अमेरिकेतल्या एका खटल्यावरून कळतं. माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या आठवणींचं पुस्तक यायचं होतं. त्यातला निक्सन यांना माफी दिल्याचा भाग आधी छापण्यासाठी ‘टाइम’ २५ हजार डॉलर देणार होतं. निम्मे दिलेही होते. तेवढ्यात १९७९ मध्ये ‘द नेशन’च्या हाती हस्तलिखित लागलं आणि त्यांनी सुमारे सव्वादोन हजार शब्दांचा लेख छापून टाकला. त्यात फोर्ड यांचे स्वतःचे शब्द होते फक्त तीनशे-चारशे. पुस्तक जवळपास दोन लाख शब्दांचं! तरीही १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘नेशन’च्या विरोधात निकाल दिला. एक तर पुस्तक अजून प्रसिद्ध झालं नव्हतं. शिवाय घेतलेले शब्द म्हणजे पुस्तकाचा गाभा होता, लेखात स्वतःची टीका किंवा भाष्य नव्हतं आणि ‘टाइम’ने उरलेले साडेबारा हजार डॉलर दिलेच नाहीत.

आता उलट उदाहरण, आपल्याच देशातलं. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं. त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद बरेच होते. तरी १९९६ मध्ये केरळ हायकोर्टाने प्रयोग अडवला नाही. किती आणि किती मोलाचं घेतलं, कशासाठी घेतलं आणि दोन्ही कृतींत स्पर्धा होईल का, हे कोर्टाने पाहिलं. प्रतिनाटक मूळ नाटकाशी वाद घालत होतं. वादासाठी समोरच्याचं म्हणणं मांडावंच लागतं.

म्हणून माझी साधी कसोटी अशी. पोस्ट लिहून झाली की उतारे झाकायचे आणि उरलेलं वाचायचं. माझा मुद्दा उभा राहतोय का? झाकल्यावर काहीच उरत नसेल तर ती पोस्ट माझी नाहीच, त्या लेखकाची आहे. आणि दुसरा प्रश्न : माझी पोस्ट वाचून कोणाला मूळ पुस्तक वाचायची गरज उरते का?

आता नाव देण्याबद्दल. ‘एका विचारवंताने म्हटलंय’ हे नाव देणं नव्हे. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान. लेख असेल तर दैनिक आणि तारीख. हे उताऱ्याच्या आधीच लिहायचं, म्हणजे कोणाचा आवाज ऐकतोय ते वाचणाऱ्याला कळतं. शब्द त्यांचे तर अवतरणचिन्हात. आपल्या शब्दांत सांगितलं तर चिन्ह नको, पण नाव तरीही हवंच. शब्द बदलले म्हणून विचार आपला होत नाही.

आणि सर्वात जास्त घात होतो तो वाक्य तोडण्यात. समजा, एखाद्याने लिहिलंय, "पाणीपट्टी वाढवावी लागेल, पण आधी गळती थांबवा." त्यातलं ‘पाणीपट्टी वाढवावी लागेल’ एवढंच उचललं, पुढे तीन टिंबं दिली, नाव आणि पानही बरोबर दिलं. नियम सगळे पाळले आणि माणूस खोटा पाडला. टिंबं द्या, पण त्यांत त्याचा ‘पण’ गिळू नका.

माझ्या लेखातलं घ्यायचं तर खुशाल घ्या. चार ओळी घ्या, नाव-तारीख द्या आणि त्याखाली माझं काय चुकलं ते दहा ओळींत लिहा. त्याचा मला राग येणार नाही.