प्याद्याच्या दुबळेपणाची किंमत

बुद्धिबळात प्यादे मागे फिरत नाही, म्हणून मोहऱ्यांची चुकलेली जागा पुढच्या चालींत सुधारता येते, तशी प्याद्यांची बिघडलेली रचना सहसा सुधारत नाही. याच कारणाने डावाची दूरची योजना प्याद्यांकडे पाहून ठरवली जाते. ज्याच्या शेजारच्या दोन्ही उभ्या रांगांत आपले दुसरे प्यादे उरलेले नाही, ते एकाकी प्यादे होय, तर एकाच उभ्या रांगेत एकामागे एक आलेली आपली दोन प्यादी म्हणजे दुहेरी प्यादी होत. स्पर्धात्मक बुद्धिबळाकडे गंभीरपणे पाहणाऱ्या खेळाडूला दुबळे प्यादे ओळखायला फार काळ लागत नाही; त्या दुबळेपणाची किंमत केव्हा आणि कोणत्या मोहऱ्यांनी वसूल करायची, हे ठरवणे मात्र बराच काळ कठीण जाते.

वजिराच्या रांगेतील, डी४ वरचे पांढरे एकाकी प्यादे घेतले, तर त्याला शेजारच्या प्याद्याचा आधार मिळत नाही, म्हणून त्याच्या राखणीला मोहरेच लावावे लागतात, आणि त्याच्या पुढचे डी५ हे घर काळ्याच्या मोहऱ्याला सुरक्षित ठाणे होते, कारण तिथून त्याला हुसकावणारे पांढरे प्यादे शेजारी नसते. तरीही हेच प्यादे पांढऱ्याच्या घोड्याला ई५ वर आधार देते, मोहऱ्यांना मोकळ्या रांगा मिळवून देते आणि संधी मिळताच डी५ वर सरकून काळ्याची फळी फोडते. ही बळे घोडे आणि उंट पटावर असेपर्यंत टिकतात, म्हणून काळ्याने प्याद्यावर लगेच तुटून न पडता आधी लहान मोहऱ्यांची अदलाबदल करणे अधिक योग्य ठरते.

१९८१ मध्ये इटलीतील मेरानो येथे झालेल्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतील नवव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या अनातोली कार्पोव्ह यांनी व्हिक्टर कोर्चनॉय यांच्याविरुद्ध नेमके हेच केले. अकराव्या चालीला त्यांनी घोडा पटाच्या कडेला एच५ वर नेला, जे वरवर विचित्र दिसते, पण त्यामुळे काळ्या घरांवरून चालणाऱ्या उंटांची अदलाबदल झाली. अठराव्या चालीपर्यंत पांढऱ्याचे दोन्ही घोडे गेले आणि सत्ताविसाव्या चालीला दोन्ही बाजूंचे शेवटचे लहान मोहरेही पटावरून उतरले. उरले ते वजीर आणि हत्ती, आणि काळ्याने डी रांगेत दोन हत्ती व वजीर रचून डी४ वर दाब आणला. पांढऱ्याने ई५ ही काळ्याची चाल रोखण्यासाठी तिसाव्या चालीला एफ प्यादे दोन घरे पुढे टाकले, पण त्यामुळे त्याच्या राजाचे आवरण सैल झाले. पस्तिसाव्या चालीला काळ्याने ई५ केलेच, कारण डी२ वरचा पांढरा हत्ती काळ्या हत्तीच्या माऱ्यात असल्याने डी प्याद्याला आपली रांग सोडणे महाग पडणार होते. आणि त्रेचाळिसाव्या चालीनंतर उघड्या पडलेल्या राजामुळेच पांढऱ्याने हार मानली. विशेष म्हणजे डी४ वरचे प्यादे काळ्याने त्याच्या जागी कधी मारलेच नाही. त्याच्या राखणीत गुंतलेले मोहरे राजाच्या मदतीला पोचू शकले नाहीत, हीच त्या प्याद्याची खरी किंमत ठरली.

दुहेरी प्याद्यांची कसोटी निराळी असते. स्पॅनिश सुरुवातीच्या अदलाबदलीच्या प्रकारात पांढरा उंट सी६ वरचा घोडा मारतो आणि काळा डी प्याद्याने त्याला मारतो. पुढे मधल्या प्याद्यांची अदलाबदल झाली, की राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तिघांसमोर येतात, तर वजिराच्या बाजूला काळ्याची चार प्यादी पांढऱ्याच्या तिघांना अडवून ठेवू शकत असली, तरी पांढऱ्याने नीट खेळल्यास सी रांगेतील दुहेरीपणामुळे त्यांतून वाट मोकळी असलेले प्यादे सहसा निर्माण करता येत नाही. म्हणून येथे सर्व मोहरे उतरवणे, म्हणजे राजा व प्याद्यांचाच डाव शिल्लक ठेवणे पांढऱ्याला लाभाचे असते, आणि काळ्याला मिळालेली दोन उंटांची जोडी पटावर ठेवून डाव मोकळा राखणे ही काळ्याची योजना असते.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली, की योजना ठरवण्याची पद्धत स्पष्ट होते. एकाकी प्याद्यासमोर लहान मोहरे उतरवून जड मोहरे राखायचे असतात, कारण तेही गेले तर प्याद्यावर मारा करणारे कोणी उरत नाही आणि राजा एकटा त्याला राखू शकतो. स्पॅनिशमधील त्या दुहेरी प्याद्यांसमोर मात्र जड मोहरेही उतरवायचे असतात. प्यादे दुबळे आहे, एवढ्या निरीक्षणावरून योजना ठरत नाही. त्या दुबळेपणाला सांभाळणारी बळे कोणत्या मोहऱ्यांत आहेत, हे ओळखून पुढची प्रत्येक अदलाबदल त्या हिशेबाने स्वीकारणे किंवा टाळणे, हीच दूरची योजना असते.