पंचम म्हणजे क्विंट नव्हे

श्टुटगार्टला संगीतशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग लावला. वहीत सगळं नीट उतरवलं होतं: क्वार्ट म्हणजे पाच अर्धस्वर, क्विंट म्हणजे सात. पण बाईंनी पियानोवर दोन स्वर वाजवले, की वहीचा काही उपयोग नसे. म्हणून त्या टिपणांची मोबाइलवर कार्डं केली. पुढे नुसता आवाज, मागे नाव आणि ओळखायची खूण. क्वार्टची खूण तर खिडकीखालूनच जाते: इथल्या अग्निशमन बंबाचा भोंगा!

तरी एका कार्डावर मी रोज चुकायची. खाली गे, वर त्से. मला ऐकू यायचं प-सा, आणि मी म्हणायची, पंचम, म्हणजे क्विंट. लहानपणी दहा वर्षं गाणं शिकले, ते फुकट गेलं की काय असं वाटायला लागलं. एकदा तानपुरा लावताना उलगडा झाला. पहिल्या तारेचा पंचम जोडीच्या सा-च्या खाली असतो. तिथून सा-पर्यंत अर्धस्वर पाचच. कान बरोबर होता, मी नाव चुकीचं देत होते.

मग कार्डामागची खूण बदलली: 'घरी आल्यासारखा कोणता स्वर वाटतो?' क्विंटमध्ये बहुधा खालचा, क्वार्टमध्ये वरचा. प्रत्येक जोडी चार वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवून घेतली, नाहीतर अंतराऐवजी ते ध्वनिमुद्रणच पाठ होतं.

स्वरमेळांत अजून फसते. ए-गे-त्से वाजलं की सर्वांत खालच्या ए-लाच सा मानून बसते. आता त्या कार्डावर आधी मूळ स्वर गुणगुणायचा, मगच नाव सांगायचं, असं लिहिलंय.