आवाज ऐकू येत होते, पण तारीख पाठ होती

माझा थोरला भाऊ खामगाव तालुक्यात शेती करतो. वीसेक वर्षांपासून देशीची सवय, शेवटी शेवटी रोजचे तीन-चार पव्वे. कपाशी वेचणीच्या दिवसांत तो रात्री उठून अंगणात उभा राहू लागला. भिंतीमागं दोन माणसं आणि एक बाई त्याच्याबद्दल बोलतात, असं त्याचं म्हणणं. "आयक, आज याले सोडायचं नाही म्हनते तो. तुले आयकू नाही येत काय?" मी बॅटरी घेऊन भिंतीमागं जाऊन आलो. तिथं कोणी नव्हतं. मग तो म्हणाला, मी येताना पाहून ते पळाले.

गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. हाच भाऊ सकाळी किती क्विंटल कापूस निघाला, मजुरांचे किती द्यायचे, सोसायटीचा हप्ता कधी भरायचा, हे बिनचूक सांगायचा. त्यामुळे निम्मे लोक म्हणत, हा नाटक करतो. उरलेले म्हणत, बाहेरचं आहे, सैलानीला न्या. पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा आमच्या जिल्ह्यातच आहे आणि अशा माणसाला तिथं नेण्याची रीत जुनी आहे. पण वहिनीला त्याच्या उशीखाली विळा सापडला. आवाजवाले आले तर हाती असावा म्हणून त्यानं तो ठेवला होता. त्याच दिवशी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

मनोविकारतज्ज्ञ बाईंनी आवाजांबद्दल नंतर विचारलं. आधी विचारलं, आज वार कोणता, आपण कुठं आहोत, सोबत कोण आलंय. मग महिने उलटे म्हणायला लावले आणि विसातून तीन-तीन वजा करायला सांगितले. भाऊ अडखळला नाही. हात पुढं धरायला लावले, तर थरथर थोडीच. ताप नव्हता, नाडी जवळपास ठीक. शेवटची दारू कधी घेतली, हे त्यांनी दोनदा विचारलं. आदल्या रात्रीच घेतली होती. म्हणजे पिणं चालू असतानाच आवाज सुरू झाले होते. त्या म्हणाल्या, "शुद्ध पूर्ण जागेवर आणि कानात आवाज, याला अल्कोहोलिक हॅल्युसिनोसिस म्हणतात. बहुतेकांना ऐकू येतं, काहींना दिसतंही. बरीच वर्षं भरपूर पिणाऱ्याला पिता पिता होतं, किंवा दारू कमी केल्यावर, थांबवल्यावर एक-दोन दिवसांत."

याच्या उलट काय असतं, ते त्याच वॉर्डात बघायला मिळालं. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक माणूस होता. दवाखान्यात आल्यामुळे त्याची रोजची दारू एकदम तुटली. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून मुंग्या वेचू लागला. मुंगी एकही नव्हती. वॉर्डाला तो गोठा समजत होता आणि पोटच्या पोराला सालगडी समजून बैल सोडायला सांगत होता. अंग तापलेलं, घामानं कपडे ओले, हात जोरात थरथरत होते. सकाळी जरा भान यायचं, रात्री पुन्हा जायचं. हा डिलीरियम ट्रेमेन्स. दारू थांबल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत येतो आणि उपचार नसले तर जीव जाऊ शकतो. त्याला लोराझेपामची इंजेक्शनं दिली, नाडी-तापावर सतत लक्ष ठेवलं आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन दिलं. शरीरात थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते.

भावालाही दारू तुटण्याचा त्रास होऊ नये म्हणून लोराझेपाम आणि थायमिन मिळालं. आवाजांसाठी हॅलोपेरिडॉलची लहान मात्रा. बाईंनी बजावलं, की घरी दारू एकाएकी बंद करायची नाही, नाहीतर आज शुद्धीत असलेला हाच माणूस शेजाऱ्यासारखा भान हरपू शकतो. आवाजांच्या भीतीनं असे रुग्ण दुसऱ्यावर धावून जातात किंवा स्वतःचा जीव घेतात, म्हणून विळा, दोर, फवारणीची औषधं घरात कुलपात ठेवायला सांगितली.

आवाज एकदम गेले नाहीत. आधी शब्द पुसट झाले, नुसती कुजबुज राहिली. मग एक दिवस भाऊच म्हणाला, "भितीमांगं कोनी नव्हतं रे, ते मायाच डोक्यातलं होतं." बहुतेकांचे आवाज काही दिवसांत किंवा आठवड्यांत थांबतात. दारू सोडूनही ते महिनोन्‌महिने टिकले, तर स्किझोफ्रेनियासारखा दुसरा आजार आहे का, हे तपासावं लागतं. पुन्हा प्यायला लागलं तर आवाजही परतू शकतात, म्हणून भावाची व्यसनमुक्तीची औषधं अजून चालू आहेत.

आता गावात कोणी असा त्रास सांगितला, की मी त्यांना डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी टिपून न्यायला सांगतो: शेवटची दारू कधी, आवाज कधीपासून, आणि वार, जागा, माणसं नीट ओळखतो का. ओळखत नसेल, अंग तापलं असेल किंवा झटके आले असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. ओळखत असेल, तरी तो नाटक करत नाही. त्याला ऐकू येणारा आवाज त्याच्यासाठी खराच असतो, आणि उपचार त्यालाही लागतात.